अडलेला फोटो आधी

टांझानियातल्या सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानात 2010 साली अलेक्झांड्रा स्वॉन्सन या संशोधिकेने 225 कॅमेरे बसवले. समोर काही हललं, ऊब जाणवली, की हे कॅमेरे आपोआप फोटो काढतात. 2013 पर्यंत त्यांनी बत्तीस लाख फोटो जमा केले. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश रिकामेच होते. कुठे वाऱ्याने गवत हललेलं, तर कुठे उन्हाने फांदी तापलेली. उरलेल्या फोटोंत प्राणी होता, पण कोणता, ते कुणीतरी डोळ्यांनी बघून लिहायला हवं होतं. ‘स्नॅपशॉट सेरेंगेटी’ नावाच्या या प्रकल्पात ते काम हजारो हौशी स्वयंसेवकांनी केलं. एकेक फोटो अनेकांना दाखवायचा आणि बहुमताने प्राण्याचं नाव ठरवायचं, अशी पद्धत होती. तज्ज्ञांनी तपासलेल्या चार हजारांवर फोटोंशी ताडून पाहिलं, तेव्हा ही बहुमताची उत्तरं 96.6 टक्के बरोबर निघाली.

फोटोला असं नाव देण्याला ‘लेबल’ लावणं म्हणतात. प्राणी ओळखणारं मॉडेल या लेबलांवरच शिकतं आणि लेबलं भरपूर असली की छान शिकतं. पण सेरेंगेटीला लाभले तेवढे स्वयंसेवक इतर जंगलांच्या वाट्याला कुठून यायचे? आपल्याकडे ताडोबात, मेळघाटात वाघ मोजायला लावलेल्या कॅमेऱ्यांसमोरून सांबर, भेकर, गवेही जातात. त्या सगळ्या फोटोंना नावं द्यायला एखाद्या संशोधकाकडे जेमतेम काही आठवडे असतात. म्हणून प्रश्न असा होतो की बत्तीस लाखांतले मोजकेच फोटो माणसाला दाखवायचे, तर ते कोणते?

2021 साली मोहम्मद सादेग नोरूझ्झादेह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच सेरेंगेटीच्या फोटोंवर उत्तर शोधलं. त्यांना 14,100 लेबलं पुरली. आधीच्या पद्धतींना सगळ्या लेबलांवर जी अचूकता मिळत होती, तिथपर्यंत ते अर्ध्या टक्क्याहूनही कमी कष्टांत पोहोचले. यातलं सगळं श्रेय फोटो निवडण्याच्या युक्तीला नाही, हे लगेच सांगायला हवं. फोटोत प्राणी कुठे आहे ते शोधून तेवढाच चौकोन कापून देणारं दुसरं, आधीच शिकलेलं मॉडेल त्यांच्या हाताशी होतं. रिकामे फोटो तिथेच बाजूला पडले. तरीही पुढचं काम निवडीचंच होतं आणि त्या निवडीला ‘ॲक्टिव्ह लर्निंग’ म्हणतात.

तिची रीत अशी. आधी थोडे फोटो चिठ्ठ्या टाकून निवडायचे, त्यांना लेबलं लावायची आणि त्यांवर मॉडेल शिकवायचं. मग ते कच्चं मॉडेल उरलेल्या सगळ्या फोटोंवर चालवायचं. ते प्रत्येक फोटोसाठी नुसतं नाव सांगत नाही, तर कोणत्या नावाला किती टक्के देतो तेही सांगतं. जिथे ते सर्वांत जास्त घोटाळलं आहे, असे शंभर फोटो माणसापुढे ठेवायचे. माणसाने नावं दिली की ती जुन्या लेबलांत मिसळायची, मॉडेल पुन्हा शिकवायचं आणि पुन्हा विचारायचं, कुठे अडतंय? लेबलांचं बजेट संपेपर्यंत हे चक्र फिरत राहतं.

कल्पना जुनी आहे. बेल लॅब्जमधल्या डेव्हिड लुइस आणि विल्यम गेल यांनी 1994 साली ती असोसिएटेड प्रेसच्या तीन लाखांवर बातम्यांच्या मथळ्यांवर वापरली. एखादा मथळा अमुक विषयाचा आहे की नाही, एवढंच ठरवायचं होतं. ज्या मथळ्यांवर मॉडेलचं मत पन्नास टक्क्यांच्या आसपास घुटमळत होतं, तेच त्यांनी माणसाला विचारले. काही विषयांत लागणारी लेबलं पाचशेपटीपर्यंत कमी झाली. हे विषय दुर्मीळ होते, म्हणून फायदा एवढा मोठा दिसला. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या, तर हाती आलेले बहुतेक मथळे त्या विषयाचे नसतेच.

‘सर्वांत जास्त घोटाळलेला’ फोटो मोजायचा कसा, इथे खरी गंमत आहे. समजण्यापुरते तीन फोटो घेऊ. आकडे माझे आहेत. पहिल्यात दिवसाउजेडी पाठमोरं उभं राहिलेलं हरणासारखं जनावर आहे. मॉडेल म्हणतं, थॉमसनचं गॅझेल 48 टक्के, ग्रँटचं गॅझेल 47 आणि बाकी सगळे मिळून 5. दुसरा रात्रीचा आहे, नुसती करडी आकृती दिसते. तरस 30 टक्के, सिंह 25, कोल्हा 20 आणि उरलेले 25 टक्के इतर पाचसहा प्राण्यांत विखुरलेले. तिसरा वाइल्डबीस्टचा, 97 टक्के. तिसरा माणसाला दाखवण्यात अर्थ नाही, हे उघड आहे.

पहिल्या दोनांत मात्र मोजपट्टीप्रमाणे निवड बदलते. सर्वांत वरच्या नावावर विश्वास किती कमी, एवढंच पाहिलं तर 30 टक्केवाला रात्रीचा फोटो निवडला जातो. टक्के किती नावांत विखुरले आहेत हे मोजणारी ‘एन्ट्रॉपी’ही त्याच्याकडेच बोट दाखवते. पण पहिल्या आणि दुसऱ्या नावातलं अंतर पाहिलं, तर गॅझेलच्या फोटोत ते एकाच टक्क्याचं आहे आणि तोच वर येतो.

माझा कौल या अंतराच्या मोजपट्टीला आहे, निदान कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंसाठी तरी. गॅझेलच्या फोटोला जाणकार माणूस नक्की उत्तर देऊ शकतो. ग्रँटच्या गॅझेलचा मागचा पांढरा पट्टा शेपटीच्या वर पाठीपर्यंत चढलेला असतो, थॉमसनचा शेपटीखालीच थांबतो. कुशीवरची काळी पट्टी थॉमसनची खूण मानतात खरी, पण ग्रँटच्या काही माद्यांनाही तशी पट्टी असते, म्हणून स्वयंसेवकही या दोघांत फसत. अशा पाठमोऱ्या फोटोंना दहापाच लेबलं मिळाली, की मॉडेल कुशीऐवजी शेपटीकडे बघायला शिकण्याची शक्यता वाढते. रात्रीच्या करड्या आकृतीचं तसं नाही. तिथे तज्ज्ञही मान हलवेल. मॉडेल अडलं हे खरं, पण ते माहिती कमी पडली म्हणून नाही, फोटोतच उत्तर नाही म्हणून. असे फोटो बजेट खातात आणि बदल्यात काही देत नाहीत.

याचं टोकाचं उदाहरण 1992 साली एरिक बॉम आणि केविन लँग यांना दिसलं. त्यांनी हस्ताक्षर ओळखणाऱ्या यंत्राला आपले प्रश्न स्वतः रचू दिले. यंत्राने दोन अक्षरांच्या मधोमधची अशी चित्रं रचली, की ती कोणतं अक्षर आहे हे कुणालाच सांगता येईना. तेव्हापासून बहुतेक ठिकाणी यंत्राला प्रश्न रचू न देता, खऱ्या साठ्यातूनच निवडू देतात. पण खऱ्या साठ्यातही धुरकट फोटो असतात. म्हणून लेबल लावणाऱ्याला ‘सांगता येत नाही’ असं एक बटण द्यायला हवं. ते बटण वारंवार दाबलं जाऊ लागलं, तर निवड भरकटली आहे असं खुशाल समजावं.

दुसरी अडचण कॅमेऱ्याच्या सवयीची आहे. प्राणी दिसला की सेरेंगेटीतला कॅमेरा दिवसा लागोपाठ तीन फोटो काढत असे. एका फोटोवर मॉडेल अडलं तर उरलेल्या दोनांवरही अडतं, कारण तेच जनावर तिथेच उभं असतं. शंभरांची फेरी उघडून पाहावी, तर त्यात तीसचाळीसच वेगळे प्रसंग निघतात. एका प्रसंगातून एकच फोटो घ्यायचा एवढ्या नियमानेही बरंच भागतं. आणखी काटेकोर व्हायचं असेल, तर अडलेल्या फोटोंतून एकमेकांपासून जास्तीत जास्त वेगळे दिसणारे निवडतात.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती तिसऱ्या अडचणीची. झोरिला हा काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला छोटा निशाचर प्राणी सेरेंगेटीत क्वचितच कॅमेऱ्यापुढे येतो. समजा, दर दोन हजार फोटोंत तो एकदा येतो. सुरुवातीच्या हजार चिठ्ठ्यांत तो एकदाही न येण्याची शक्यता साधारण साठ टक्के आहे. मग मॉडेलला झोरिला नावाचं काही असतं हेच ठाऊक नसतं. त्याचा फोटो आला की ते ओळखीतलं जवळचं काळंपांढरं जनावर शोधतं आणि ‘हनी बॅजर, 98 टक्के’ असं ठणकावून सांगू शकतं. अडलेलेच फोटो विचारायचे असा नियम असल्यामुळे हा फोटो माणसापुढे कधीच येणार नाही. प्रत्येक फेरीत मॉडेल आपल्या माहितीच्या सीमेवरचे प्रश्न विचारत राहतं आणि सीमेपलीकडचा प्राणी हनी बॅजरच्या खात्यात जमा होत राहतो. ही चूक लेबलांच्या यादीत डोकावून सापडत नाही, कारण ती यादीत नसतेच.

म्हणून बजेट लहान असलं, तरी ते सगळं अडलेल्या फोटोंवर उधळू नये. तीन हजार लेबलं परवडत असतील तर मी अशी वाटणी करेन. 500 फोटो चिठ्ठ्या टाकून निवडायचे, त्यांना लेबलं लावायची, पण मॉडेलला ते कधीच शिकवायचे नाहीत. ते फक्त परीक्षेसाठी. त्यातले 450 बरोबर आले तर अचूकता नव्वद टक्के, अडीचतीन टक्के इकडेतिकडे. आणखी 500, तेही चिठ्ठ्या टाकूनच, पहिल्या शिकवणीसाठी. कारण कच्च्या मॉडेलचे टक्के भरवशाचे नसतात आणि अगदी सुरुवातीला त्याच्या शंकांमागे धावलं, तर साध्या चिठ्ठ्यांपेक्षाही वाईट निकाल लागू शकतो. 1,800 अडलेल्या फोटोंसाठी. आणि उरलेले 200 मॉडेल ज्यांवर छातीठोक आहे त्यांतून, प्रत्येक प्राण्याच्या खात्यातून थोडेथोडे. त्या 200 फोटोंवर त्याचा सरासरी विश्वास 99 टक्के असेल तर दोनेक चुका निघाव्यात. बारा निघाल्या, तर त्याच्या टक्क्यांवर आता विसंबता येत नाही, आणि त्या बारा चुका कोणत्या खात्यात आहेत ते बघून तिथले आणखी फोटो उघडावे लागतात. हनी बॅजरच्या खात्यातला झोरिला सापडला तर इथेच सापडेल.

प्राणी मोजायचे असतील, तर आणखी एक पथ्य आहे. अडलेल्या 1,800 फोटोंत गॅझेलं प्रमाणाबाहेर भरलेली असणार, कारण मॉडेल तिथेच अडत होतं. त्या यादीवरून जंगलात कोणता प्राणी किती वेळा दिसतो, हे काढलं तर ते साफ चुकेल. ते प्रमाण चिठ्ठ्या टाकून घेतलेल्या फोटोंवरूनच काढावं.

थांबायचं कधी, हेही ते परीक्षेचे 500 फोटोच सांगतात. सलग दोनतीन फेऱ्यांत त्यांवरची अचूकता हलली नाही आणि नव्या फेरीत येणारे बहुतेक फोटो ‘सांगता येत नाही’ या बटणावर जाऊ लागले, की शंका विचारण्याचं काम संपलं. तेव्हा काही लेबलं शिल्लक असतील, तर ती मॉडेलच्या छातीठोक उत्तरांची तपासणी वाढवायला वापरावीत.