यूट्यूबचा पगार स्वतःच ठरवा

यूट्यूबच्या जाहिरातींचे पैसे पुढच्या महिन्याच्या 21 ते 26 तारखेदरम्यान निघतात, पण रक्कम दरवेळी वेगळी असते. दिवाळीत जाहिरातींचे दर चढतात, जानेवारीत अनेकदा उतरतात.

समजा, पाककृतींच्या एका चॅनेलची सहा महिन्यांची कमाई 18, 62, 25, 40, 15 आणि 50 हजार आहे. सरासरी 35 हजार. त्यातले पाच हजार कर आणि कॅमेऱ्यासाठी बाजूला काढले, की उरतात 30. घरखर्च 22 हजार असेल, तर पगार 24 हजार ठरवावा.

सगळी कमाई वेगळ्या खात्यात जमा करून 1 तारखेला तेवढेच घरखात्यात वळवायचे. मात्र आधी त्या खात्यात दोन पगारांची शिल्लक हवी. नाहीतर 18 हजारांच्या पहिल्याच महिन्यात गाडी अडते.

आजारपणासाठीचा राखीव निधी याहून निराळा ठेवावा.

शिल्लक सलग तीन महिने घटली, तर पगार कमी करावा.