भाडे लांबल्याचा निरोप

मुंबईच्या चाळींत भाडे वसूल करण्यासाठी मेहताजी दारात येत असत, त्या काळी भाडे लांबले तर ते सांगण्याचे कामही दारातच होई. भाडेकरू ओशाळून उभा राही, मेहताजी वहीत खूण करी, आणि काय ठरले ते दोघांनाही तेथेच कळे. आज घरमालक पुष्कळदा दुसऱ्या उपनगरात, क्वचित दुसऱ्या शहरात राहतो. भाडे बँकेतून परस्पर जमा होते आणि अडचण सांगायची ती व्हॉट्सॲपवरच्या ध्वनिमुद्रित निरोपाने. बोलणाऱ्यासमोर ऐकणारा नसतो आणि ऐकणाऱ्यासमोर बोलणारा नसतो. या प्रकारच्या निरोपाची सारी अडचण येथूनच उद्भवते.

पुण्यातील एक साधे उदाहरण घ्यावे. कोथरूडमध्ये दोन खोल्यांच्या जागेत राहणारा एक नोकरदार आहे. भाडे दरमहा १८,००० रुपये, आणि करारानुसार ते ५ तारखेपर्यंत द्यावयाचे. घरमालक निवृत्त शिक्षक असून भाडेकरू त्यांना ‘काका’ म्हणतो. महिन्याच्या ३ तारखेला, बुधवारी, कचेरीत सूचना लागते की या खेपेस पगार १० तारखेला होईल. अशा वेळी सामान्यतः जो निरोप जातो तो काहीसा असा असतो : “नमस्कार काका, कसे आहात? तब्येत बरी ना? इकडे जरा गडबडच चालू आहे. आईचं औषधपाणी, त्यात मुलाची फी... तर या वेळी थोडं दोन-चार दिवस मागंपुढं होईल, सांभाळून घ्या.”

या निरोपात उद्धटपणा मुळीच नाही. उलट बोलणारा नम्रच आहे. तरीही ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. ‘दोन-चार दिवस’ हे केव्हापासून मोजायचे? निरोप पाठवल्या दिवसापासून, तो ऐकल्यापासून, की ५ तारखेपासून? भाडेकरूच्या मनात ११ तारीख असते, काकांच्या मनात ७ तारीख ठरते, आणि ८ तारखेला दोघांतही काही दोष नसताना मने कलुषित होतात. शिवाय पत्रावरून जशी नजर फिरवता येते तशी ध्वनीवरून फिरवता येत नाही. मुख्य गोष्ट शेवटी आली तर तिथपर्यंतचे सगळे ऐकणे भागच पडते, आणि ऐकणारा मधल्या विषयातच त्रासून गेलेला असतो.

कारण सांगताना आणखी एक चूक होते. रविवार आला, सुट्टी आली, बँक बंद होती, असे सांगण्याची जुनी सवय अजून सुटलेली नाही. परंतु डिसेंबर २०१९ पासून एनईएफटीने पैसे पाठवण्याची सोय सुट्टीच्या दिवशीही चोवीस तास उपलब्ध आहे, हे ज्याच्या खात्यात दरमहा भाडे जमा होते त्या घरमालकाला बहुधा ठाऊक असते. खरे कारण एका वाक्यात सांगितले की ते पुरते. दोन-तीन कारणे एकत्र आली म्हणजे एकाचाही भरवसा वाटत नाही.

तोच भाडेकरू त्याच दिवशी, ५ तारखेची वाट न पाहता, असे बोलू शकतो :

“नमस्कार काका. कोथरूडच्या जागेतून बोलतोय. या महिन्याच्या भाड्याबद्दल सांगायचं होतं. आमचा पगार या वेळी १० तारखेला होणार आहे, आजच कळलं. म्हणून १८ हजारांपैकी ८ हजार मी ठरल्याप्रमाणे ५ तारखेला, शुक्रवारी पाठवतो, आणि राहिलेले १० हजार ११ तारखेला, गुरुवारी संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यात जमा होतील. यात तुमची काही अडचण होत असेल तर मोकळेपणानं सांगा. मी आज सातनंतर फोन करतो. तुम्हाला त्रास होतोय, त्याबद्दल माफ करा.”

हा निरोप सुमारे अर्ध्या मिनिटाचा आहे. तारखेबरोबर वार सांगितल्याने ऐकण्यात चूक होत नाही. पगार १० तारखेला असूनही ११ तारीख सांगितली आहे, कारण कचेरीच्या आश्वासनावर आपले आश्वासन तंतोतंत बेतले तर तिकडचा एक दिवसाचा विलंब इकडे वचनभंग ठरतो. माफी शेवटी आणि एकदाच मागितली आहे. ती पहिल्या वाक्यात आली असती तर काकांना काहीतरी मोठे अघटित घडले असे वाटले असते. अनामत रकमेतून वळते करून घ्या, असेही त्यात म्हटलेले नाही, आणि ते योग्यच आहे. ती रक्कम जागा सोडतानाच्या हिशेबासाठी ठेवलेली असते. तिचा उल्लेख होताच हा गृहस्थ जागा सोडण्याच्या विचारात आहे की काय, अशी शंका येते.

निरोप पाठवण्यापूर्वी स्वतः एकदा ऐकून पाहता येतो, आणि ते अवश्य करावे. रस्त्यावरच्या भोंग्यांत नेमकी तारीखच बुडालेली असते, असा अनुभव पुष्कळांचा आहे. निरोपाखाली एक लेखी ओळही जोडावी : ‘भाडे : ८,००० दि. ५ रोजी, १०,००० दि. ११ रोजी.’ आठवड्यानंतर शोधताना ध्वनी सापडत नाही, ओळ सापडते.

आता कराराकडे वळावे. ५ तारीख दोघांनी मिळून ठरवलेली असल्यामुळे एकट्या भाडेकरूच्या निरोपाने ती बदलत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाच्या कलम ६३ नुसार ज्याला येणे आहे तो मुदत वाढवून देऊ शकतो आणि त्यासाठी वेगळा मोबदला लागत नाही. म्हणजे काकांचे ‘बरं, चालेल’ हे दोन शब्द केवळ सौजन्याचे नव्हेत. निरोप ऐकला गेला की त्याच्या शेजारचे मायक्रोफोनचे चिन्ह निळे होते. पण ऐकणे निराळे आणि मान्य करणे निराळे. म्हणूनच सातनंतरचा फोन निरोपाइतकाच महत्त्वाचा ठरतो.

या उदाहरणात तो फोन झाला, आणि निरोपाने जे कळले नसते ते कळले. काका म्हणाले, “अरे, अकराचं काही नाही, पण सात तारखेला माझ्या कर्जाचा हप्ता आपोआप कापला जातो. खात्यात ८ हजारांनी भागायचं नाही, १२ लागतील.” हप्त्यापुरती शिल्लक नसेल तर बँक दंड आकारते, आणि तो दंड काकांनी का सोसावा? भाडेकरूने बचतीतून ४ हजार काढून ५ तारखेला १२ हजार पाठवण्याचे कबूल केले. ११ तारखेसाठी ६ हजार उरले. लगेच जुन्या ओळीखाली नवी ओळ लिहिली गेली : ‘बदल : १२,००० दि. ५ रोजी, ६,००० दि. ११ रोजी.’ काकांनी खाली ‘ठीक’ असे लिहिले.

पगार १० तारखेलाही झाला नाही तर? ते कळण्याची वेळ १० तारखेची संध्याकाळ ही आहे, आणि दुसरा निरोप जायचा तो त्याच संध्याकाळी. त्या वेळी मात्र ध्वनिमुद्रित निरोप न पाठवता थेट फोनच करावा. एकदा दिलेली तारीख मोडताना समोरच्याला लगेच उत्तर देता आले पाहिजे. प्रस्तुत प्रसंगी तशी पाळी आली नाही. ११ तारखेला दुपारी ६ हजार जमा झाले आणि भाडेकरूने व्यवहाराचा क्रमांक त्या ओळींखाली लिहून पाठवला.