कविता मोठ्याने वाचताना: चार चरणांचा पडताळा

मराठी लिपी उच्चाराच्या बरीच जवळ आहे; तरी छापलेल्या ओळीतून तीन गोष्टी डोळ्यांना दिसत नाहीत. शब्दाच्या शेवटचा 'अ' उच्चारायचा की गिळायचा, आवाज कुठे थांबवायचा आणि वाक्यातला कोणता शब्द उचलून धरायचा, हे कागद सांगत नाही. मनातल्या मनात वाचणारा हे तिन्ही निर्णय बोलण्याच्या सवयीने, नकळत घेऊन टाकतो. कविता मोठ्याने वाचली की ते निर्णय जाणीवपूर्वक घ्यावे लागतात. पडताळ्यासाठी अभंगाच्या घाटात मुद्दाम रचलेले हे चार चरण पाहावेत:

थांबला पाऊस। वळचण गळे।
आत जीव जळे। चुलीपाशी॥

मोठ्या अभंगाच्या रचनेत पहिल्या तीन चरणांत सहा-सहा अक्षरे आणि चौथ्यात चार अक्षरे असतात. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणांचे यमक जुळते. वरच्या चरणांत हा हिशेब बरोबर बसतो. थां-ब-ला-पा-ऊ-स ही सहा, व-ळ-च-ण-ग-ळे ही सहा, आ-त-जी-व-ज-ळे ही सहा आणि चु-ली-पा-शी ही चार.

आता हेच शब्द रोजच्या बोलण्यासारखे म्हणून पाहावेत. बोलताना शब्दाच्या शेवटचा आणि पुष्कळदा मधलाही 'अ' लोप पावतो. 'थांबला' हे 'थांब्‌ला' होते, 'पाऊस'मधला 'स' हलन्त होतो, 'वळचण'चे 'वळ्‌चण्' होते, 'आत' आणि 'जीव' यांचा प्रत्येकी एकच ठोका उरतो. बोटांवर मोजले तर पहिल्या चरणात चार ठोके पडतात, दुसऱ्यात चार, तिसऱ्यातही चार. 'चुलीपाशी' या शब्दात गळण्यासारखा 'अ' नसल्यामुळे तिथे मुळातलेच चार राहतात. म्हणजे बोलीच्या उच्चारात चारही चरण सारख्याच लांबीचे होतात आणि शेवटचा आखूड चरण, ज्यावर अभंगाची चाल येऊन टेकते, तो ऐकूच येत नाही. मनात वाचणाऱ्याला सहा-सहा-सहा-चार अक्षरे दिसतात, पण कानी मात्र चार-चार-चार-चार पडत असतात.

म्हणून पहिल्या वाचनात प्रत्येक अक्षराला त्याचा 'अ' द्यावा: 'आ-त-जी-व-ज-ळे'. हा 'अ' लांबवून 'आता जीवा' करू नये, कारण तसे केले की अर्थच बदलतो. तो अगदी हलका, पण ऐकू येईल इतका असावा. सहा अक्षरांची चाल कानात बसली की चौथ्या चरणाला येताच दोन अक्षरांची जागा रिकामी पडल्याचे जाणवते. गाणारा ती जागा स्वर लांबवून भरतो, तर वाचणाऱ्याने तिथे शांतता ठेवावी. हा या चरणांतला सर्वांत मोठा विराम आहे आणि तो दोन अक्षरे कमी असण्यातूनच तयार झाला आहे.

बाकीचे विराम दोन प्रकारचे आहेत. 'थांबला पाऊस' इथे चरणही संपतो आणि वाक्यही, त्यामुळे थांबणे सोपे जाते. 'आत जीव जळे' इथे चरण संपतो, पण वाक्य 'चुलीपाशी'पर्यंत चालू राहते. इथे अजिबात न थांबता पुढे गेले तर 'गळे–जळे' हे यमक विरून जाते. फार थांबले तर 'चुलीपाशी' हा शब्द मागाहून सुचल्यासारखा वाटतो. श्वास न घेता, आवाज खाली न पाडता, 'जळे'चा 'ए' किंचित धरून ठेवला की दोन्ही साधते: यमक ऐकू येते आणि वाक्य अजून अपुरे असल्याचेही कळते. जीव कुठे जळतो आहे, हे ऐकणाऱ्याला क्षणभर उशिरा समजते. छापील एकेरी दंड सगळे सारखे दिसतात, पण विराम सारखे नसतात.

अक्षरगणवृत्तांत थांबण्याच्या जागा वृत्तच ठरवून देते. मंदाक्रांतेच्या सतरा अक्षरांत चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर यती येते, तर शार्दूलविक्रीडिताच्या एकोणीस अक्षरांत ती बाराव्या अक्षरानंतर येते. ती जागा शब्दाच्या मधोमध पडली तर यतिभंग होतो. डोळ्याला शब्द सलग दिसतो म्हणून हा दोष सहज निसटतो. जिभेला मात्र शब्द तोडावा लागतो.

विरामांनंतर आघात. मराठीत शब्दातल्या आघाताच्या जागेवरून सहसा अर्थ बदलत नाही, त्यामुळे इथे प्रश्न असतो तो वाक्यातल्या जोराचा. बोलताना आणि गद्य लिहिताना हे काम पुष्कळदा 'च', 'ही', 'तर' अशी अव्यये करतात. अक्षरे मोजून लिहिणाऱ्या कवीला ती नेहमी परवडत नाहीत, म्हणून जोर आवाजाने द्यावा लागतो. तिसरा चरण तीन वेळा वाचून पाहावा. 'जीव'वर जोर दिला तर लाकूड नव्हे, माणूस जळतो आहे असा अर्थ पुढे येतो. 'जळे'वर दिला तर पावसाच्या ओलाव्याशी आगीचा विरोध उभा राहतो. 'आत'वर दिला तर बाहेरची वळचण आणि घरातले माणूस समोरासमोर येतात. हे तिन्ही अर्थ शब्दांत आहेत. मात्र आधीचा चरण घराच्या कडेचा असल्यामुळे 'आत'वरचा जोर मागच्या चरणाशी सर्वांत चांगला जुळतो. तीनही शब्दांवर जोर दिला तर एकही उठून दिसत नाही. नाटकी वाचनात नेहमी हेच होते.

आणखी एक गोष्ट नादाची. 'जीव जळे' यात डोळ्याला दोन 'ज' दिसतात आणि अनुप्रास साधल्यासारखा वाटतो. उच्चारताना मात्र 'जीव'मधला 'ज' तालव्य आहे, तर 'जळे'मधला दंततालव्य, 'जहाज'मधल्यासारखा. अक्षर एकच असले तरी ध्वनी दोन आहेत, त्यामुळे हा अनुप्रास कानापेक्षा डोळ्याचाच जास्त आहे. कानाचा खरा धागा 'ळ'चा आहे. वळचण, गळे, जळे अशी तीनदा जीभ मागे वळते आणि 'चुलीपाशी'त 'ल'वर येऊन मोकळी होते. ज्या ध्वनीने पाणी गळते, त्याच ध्वनीने जीव जळतो. हे साम्य मनातल्या वाचनात सहसा लक्षात येत नाही.

मुक्तछंदात अक्षरांचा हिशेब नसतो, म्हणून ओळ कुठे मोडली आहे यालाच महत्त्व येते. 'दार उघडलं / नाही कुणी' अशा दोन ओळी असतील तर पहिल्या ओळीच्या शेवटी दार क्षणभर उघडते आणि दुसरीत ते बंदच असल्याचे कळते. ओळ संपल्यावर स्वर वर ठेवून अर्ध्या श्वासाइतके थांबले की हा बदल ऐकू येतो. गद्यासारखे सलग वाचले तर फक्त बातमी कळते.

प्रत्यक्ष वाचताना हे सगळे एकदम साधायला जाऊ नये. पहिल्या फेरीत अक्षरे आणि 'अ' पाहावेत, दुसऱ्या फेरीत पेन्सिलीने लहान विरामाला एक आणि मोठ्याला दोन उभ्या रेघा कराव्यात, तिसऱ्या फेरीत प्रत्येक वाक्यात जोराचा एकच शब्द अधोरेखित करावा. मग मोबाइलवर ध्वनिमुद्रण करून कागद न पाहता ऐकावे. शेवटची अक्षरे बुडत असतील तर श्वास उशिरा घेतला गेला आहे. प्रत्येक चरण एकाच सुरावर संपत असेल तर अर्थापेक्षा ठेक्याचाच वरचष्मा झाला आहे. शाळेत किंवा भजनात चाल ऐकलेल्या कवितेत हा धोका जास्त असतो. अशी कविता आधी चाल सोडून, बोलण्याच्या गतीने वाचावी.

या पद्धतीची मर्यादाही आहे. वृत्ताची अक्षरसंख्या, यती आणि ध्वनींचे उच्चार तपासता येतात. तिथे चूक आणि बरोबर ठरते. जोराच्या बाबतीत मात्र एकाहून अधिक वाचने टिकू शकतात. त्यांपैकी कोणते घ्यायचे, हे आधीच्या आणि नंतरच्या ओळी सोबत वाचूनच ठरवावे लागते.