कलाकार बाहेरच्या, मेंदी आपली

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू होते. मुहूर्त ठरावीक, त्यामुळे एकाच तारखेला गावात चार लग्नं. मेंदी त्याच्या एक-दोन दिवस आधी, म्हणजे मेंदीच्या तारखाही एकावर एक येतात. आमच्या मेंदीच्या गटात वर्षभर काम करणाऱ्या आम्ही तिघी. सराईत बाहेरच्या मुली घ्याव्याच लागतात. पण नवरीच्या घरचे आमच्या नावावर बोलावतात. सहा हात सुंदर आणि सातवा ओबडधोबड झाला, तर लक्षात राहतो तो सातवा.

आधी किती जणी हव्यात याचा हिशेब. समजा चाळीस पाहुण्या आहेत, वेळ चार ते आठ. साध्या नक्षीला एका हाताला पंधरा मिनिटं, दोन्ही हातांना अर्धा तास. चाळीस जणींचे वीस तास होतात. चार तासांत ते बसवायला पाच कलाकार लागतात. पण मान-पाठ मोकळी करायला, चहा प्यायला वेळ लागतोच, म्हणून आम्ही सहा जणी घेतो. नवरी मात्र बाहेरच्यांच्या हाती देत नाही. तिच्या हातापायांना आमच्यातल्याच दोघी दुपारी दोनलाच बसतात.

मुलगी निवडताना मोबाइलमधले फोटो पाहून भागत नाही. फोटो एकाच चांगल्या हाताचा असतो, आणि तो तिनंच काढला असेल असंही नाही. आम्ही तिला बोलावतो, आमचाच कोन देतो आणि घड्याळ लावून ओळीने चार हात काढायला सांगतो. पहिला आणि चौथा हात शेजारी ठेवून बघतो. चौथ्या हातावर रेघ जाड झाली, पाकळ्या मोठ्या झाल्या, बोटांची टोकं नुसतीच भरून टाकली, तर संध्याकाळी आठ वाजता तिचं काम तसंच होणार, हे समजावं.

दुसरी गोष्ट कोनाची. कलाकार सहा असल्या तरी मेंदी एकच हवी. नाहीतर एकीचा हात गडद आणि तिच्या जावेचा फिका, असं होतं. आम्ही कोरडी, बारीक चाळलेली पूड लिंबाच्या रसात आणि थोड्या साखरेत भिजवतो, त्यात निलगिरीचं तेल घालतो, रात्रभर मुरवतो आणि कोन भरून फ्रीझरमध्ये ठेवतो. शंभर ग्रॅम पुडीचे साधारण दहा-बारा कोन होतात. तीन पाहुण्यांना एक कोन धरला तर चाळीस जणींना चौदा, नवरीला सहा. दोनशे ग्रॅम पुरते, पण आम्ही अडीचशे भिजवतो. कोन कमी पडला की मुलगी पर्समधून स्वतःचा काढते, तिथेच घोळ होतो.

बाहेरचा कोन वापरायचा नाही, हे आम्ही आधीच सांगतो. खऱ्या मेंदीचा रंग काढल्यावर केशरी दिसतो आणि एक-दोन दिवसांत गडद होतो. काही मिनिटांत काळाभोर रंग देणाऱ्या मेंदीत बहुधा केसांच्या कलपातलं रसायन असतं. त्यानं काहींच्या हातावर फोड येतात.

नक्षीसाठी आम्ही बारा नमुन्यांचा एक कागद करतो, प्रत्येकाला नंबर. पाहुणीनं नंबर सांगायचा, कलाकारानं तेवढंच काढायचं. प्रत्येक मुलगी हे बारा नमुने आधी सरावून येते. मग करवलीचा हात एकीनं काढला आणि मावशीचा दुसरीनं, तरी ते एकाच घरचे वाटतात.

दोन मदतनीस मुलींना नक्षी यायलाच हवी असं नाही. कोनाचं टोक कापणं, रांगेचे नंबर देणं, सांडलेलं पुसणं, सुकलेल्या मेंदीवर लिंबू-साखरेचं पाणी लावणं हे त्यांचं काम. आणि आमच्यातली तिसरी हातात कोन न घेता फिरते. प्रत्येकीचा पहिला हात अर्धा झाला की बघते. चूक तेव्हा दिसली तर ओल्या कापडानं लगेच पुसता येते.

पैशाचंही कामाशी नातं आहे. हातामागे पैसे ठरवले तर घाई होते, नुसती रोजी दिली तर गप्पा होतात. म्हणून आम्ही रोजी देतो आणि आठ जणींच्या आत हात थांबणार नाही, हे सोबत ठरवतो. सहा कलाकारांत आठ-आठ म्हणजे अठ्ठेचाळीस, त्यामुळे ऐनवेळी आलेल्या पाहुण्याही बसतात. येण्याजाण्याचा खर्च वेगळा, आणि सगळे पैसे त्याच रात्री. एका जास्तीच्या मुलीला तारीख राखून ठेवण्याचे थोडे पैसे आधीच देतो, म्हणजे कुणी ऐनवेळी आजारी पडली तर ती येते. ज्या मुलीला पैसे वेळेवर मिळतात, तीच पुढच्या सराईत पुन्हा येते, आणि तिला नमुने नव्यानं शिकवावे लागत नाहीत.

एवढं करूनही भरगच्च दुल्हन मेंदीच्या दोन ऑर्डरी एकाच दिवशी आल्या, तर दुसरी आम्ही घेत नाही. पाहुण्यांच्या हातांसाठी माणसं वाढवता येतात, नवरीच्या हातासाठी नाही.