माऊस अकरा वाजताच का अडखळतो

सकाळी ९.३०
बॅग भरताना तीन वस्तू मी हमखास तपासतो: वायरचा एक साधा माऊस, नव्या सेलची जोडी आणि मीटरभर लांबीची यूएसबी एक्स्टेन्शन केबल. वायरलेस माऊसच्या दहातल्या आठ तक्रारी एवढ्यावर मिटतात, असा माझा अनुभव आहे. नाशिकमध्ये घरोघरी आणि ऑफिसांत कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरतो, त्या अनुभवावरून सांगतो.

१०.३०
कॅनडा कॉर्नरजवळचं टॅक्सचं काम करणारं ऑफिस. मॅडमनी दार उघडतानाच सुरुवात केली, "दादा, हा तिसरा माऊस. दोन बदलले. सकाळी नीट चालतो, मग अडकायला लागतो. आता कॉम्प्युटरच बदलू का?"

मी विचारलं, "दिवसभर अडकतो की ठरावीक वेळी?"

त्या थोड्या थांबल्या. "अकराच्या सुमाराला. आणि संध्याकाळी पाचला परत."

वेळ ठरलेली असेल, तर माऊस बिघडलेला नसतो; त्या वेळी आजूबाजूला काहीतरी सुरू होत असतं. मी टेबलाखाली वाकलो. सीपीयू लोखंडी टेबलाच्या पायाशी, भिंतीला पाठ लावून ठेवलेला. मागच्या बाजूला नखाएवढा रिसिव्हर खोचलेला आणि त्याच्या अगदी शेजारच्या निळ्या पोर्टमध्ये एक्स्टर्नल हार्ड डिस्क. टॅलीचा डेटा आणि ग्राहकांची स्कॅन केलेली कागदपत्रं यांचा बॅकअप तिच्यावर रोज दोनदा आपोआप होतो. अकरा आणि पाच.

१०.५०
अकरापर्यंत थांबण्यापेक्षा मी एक मोठा फोल्डर हाताने कॉपीला लावला. अर्ध्या मिनिटात कर्सर अडखळू लागला. थांबायचा, मग चार बोटं पुढे उडी मारायचा. क्लिकही मधूनच जात नव्हती. कॉपी थांबवली, कर्सर पाण्यासारखा सरकू लागला. पुन्हा लावली, पुन्हा तेच. मग कॉपी चालू ठेवूनच वायरचा माऊस जोडला. तो अगदी नीट चालला. म्हणजे कॉम्प्युटर दमलेला नव्हता. बिघाड माऊस आणि रिसिव्हर यांच्यामधल्या हवेत होता.

मॅडमना हे हवेतलं समजावून सांगायला मला आवडतं. वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलतो. हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून कमी ताकदीच्या उपकरणांना परवान्याशिवाय खुला आहे, म्हणून वायफाय, ब्लूटूथ, माऊस, कीबोर्ड सगळे तिथेच. निळ्या पोर्टवरून, म्हणजे यूएसबी ३ वरून, डेटा सेकंदाला ५ अब्ज बिट्स या वेगाने धावतो. इतक्या जलद चालू-बंद होणाऱ्या विजेतून रेडिओ गोंगाट निर्माण होतो. तो एका ठिकाणी गोळा होत नाही, खालपासून पार ५ गिगाहर्ट्झपर्यंत पसरतो, आणि २.४ त्याच्या बरोबर मध्ये येतं. डिस्कच्या कनेक्टरमधून, केबलमधून तो बाहेर झिरपतो. इंटेलनेच २०१२ साली यावर एक टिपण प्रसिद्ध केलं होतं: यूएसबी ३ ची हार्ड डिस्क जोडल्यावर या पट्ट्यातला गोंगाट सुमारे २० डेसिबलने, म्हणजे जवळपास शंभरपट वाढल्याचं त्यात मोजून दाखवलं आहे.

माऊसची ताकद असते साधारण मिलिवॅटच्या घरातली. तो टेबलावरून, लोखंडी फळीच्या पलीकडून, मीटर-दीड मीटरवरून हाक मारतो. रिसिव्हरच्या कानाशी मात्र दोन सेंटिमीटरवर गोंगाट. ती हाक हरवते.

कर्सर उडी का मारतो, हेही त्यांनी विचारलं. साधा माऊस सेकंदाला १२५ वेळा निरोप पाठवतो, आणि निरोपात 'मी इथे आहे' असं नसतं, 'मागच्या वेळेपासून एवढा सरकलो' एवढंच असतं. चार-पाच निरोप पोहोचले नाहीत की कर्सर थांबतो. मग साठलेली हालचाल एकदम आली की तो उडतो. कीबोर्डला हा त्रास कमी जाणवतो, कारण त्याचे निरोप तुरळक असतात आणि पुन्हा पाठवायला सवड मिळते.

११.१५
आधी रिसिव्हर सीपीयूच्या पुढच्या काळ्या पोर्टला लावून पाहिला. बराच फरक पडला, पण अडखळणं पूर्ण गेलं नाही. काळ्या पोर्टला लावलं की काम झालं, हा समज इथे फसतो. गोंगाट पोर्टच्या आतून येत नसून हवेतून येतो. रिसिव्हर काळ्या पोर्टमध्ये असला तरी निळी केबल शेजारून जात असेल, तर त्रास राहतोच. अंतर हवं.

मग एक्स्टेन्शन केबल लावली आणि रिसिव्हर टेबलावर, माऊसपासून वीतभर अंतरावर आणून ठेवला. फोल्डरची कॉपी जोरात चालू. कर्सर एकदाही अडखळला नाही. मॅडमनी स्वतः दहा मिनिटं रिटर्न भरून पाहिला.

दुपारी १.४५
सातपूरला एक छोटं वर्कशॉप. इथे ब्लूटूथ माऊस, लॅपटॉपला थेट जोडलेला, त्यामुळे हलवायला रिसिव्हरच नाही. लॅपटॉप शेजारच्या राउटरला २.४ वरच जोडलेला आणि मोठी ड्रॉइंग्ज उतरवताना माऊस लंगडत होता. ब्लूटूथ वाहिन्या बदलत बदलत वाट काढतो, पण लॅपटॉपचा वायफायही त्याच पट्ट्यात पूर्ण ताकदीने चालला की वाट उरत नाही. राउटरला ५ गिगाहर्ट्झ होतं. लॅपटॉप तिकडे वळवला आणि माऊस सुधारला. ५ ची लहर भिंतीपलीकडे लवकर मंदावते, त्यामुळे लांबच्या खोलीत हा उपाय चालेलच असं नाही, हेही मी सांगून आलो.

४.००
गंगापूर रोडला एक विद्यार्थिनी. तिथली लक्षणं वेगळी. कर्सर थांबत नव्हता, जागच्या जागी थरथरत होता आणि क्लिक मात्र प्रत्येक वेळी लागत होती. क्लिक नीट पोहोचते म्हणजे रेडिओचा रस्ता ठीक आहे. टेबल काचेचं होतं. माऊसच्या पोटातला सेन्सर पृष्ठभागाचे बारीक फोटो घेत हालचाल ओळखतो, आणि पारदर्शक काचेवर ओळखायला खुणाच मिळत नाहीत. वहीवर माऊस ठेवला, थरथर गेली. एक्स्टेन्शन केबल बॅगेतून काढावीच लागली नाही.

५.२०
मॅडमचा फोन. "पाचचा बॅकअप चालू आहे आणि माऊस छान चालतोय. फक्त ही वायर टेबलावर दिसायला बरी नाही दिसत. हार्ड डिस्कच्या केबलबरोबर बांधून मागून घेऊ का?"

"नको. बांधली तर गोंगाट पुन्हा तिच्याशेजारीच. डिस्कची केबल सीपीयूच्या डाव्या बाजूने जाऊ दे, ही उजव्या बाजूने वर आणा. दोन्हींत हातभर अंतर ठेवा."

"आणि रिसिव्हर मॉनिटरच्या मागे लपवला तर?"

"मॉनिटरच्या पत्र्याआड जाईल. स्टँडच्या पायापाशी, माऊसला दिसेल असा ठेवा."

थोड्या वेळाने त्यांनी फोटो पाठवला. रिसिव्हर स्टँडपाशी चिकटपट्टीने बसवलेला, आणि पांढरी वायर पेनस्टँडच्या मागून खाली गेलेली.