ड्रायव्हर पुसायचा, वरून चढवायचा की मागे न्यायचा?

ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर नवा टाकला आणि गेम अडखळू लागला, की मित्रमंडळींचा सल्ला ठरलेला असतो: जुनं सगळं पुसून टाक आणि कोरं इन्स्टॉल कर. हा उपाय कधीकधी लागू पडतो, म्हणून तो सगळ्याच तक्रारींवर सांगितला जातो. प्रत्यक्षात तो बरा करतो असे बिघाड थोडे आहेत, आणि हरवलेला वेग परत आणायला बऱ्याचदा जुन्या आवृत्तीकडे जाणंच उपयोगी पडतं. कुठे काय करायचं हे कळण्यासाठी ड्रायव्हर बदलताना आत काय घडतं ते पाहायला हवं.

एनव्हिडियाचा नवा ड्रायव्हर जुन्यावर चढवला, तर इन्स्टॉलर आधीच्या फायलींच्या जागी नव्या ठेवतो आणि तुमच्या सेटिंग्ज तशाच राखतो. विंडोज मात्र जुन्या ड्रायव्हरचं पॅकेज C:\Windows\System32\DriverStore या फोल्डरमध्ये सांभाळून ठेवतं. अशी जुनी पॅकेजं साठत गेली की कार्ड मंदावतं, असा एक समज आहे. तो खरा नाही. कार्ड एका वेळी एकच ड्रायव्हर वापरतं, बाकीची पॅकेजं फक्त डिस्कवरची जागा अडवतात. त्यामुळे एकाच कंपनीच्या कार्डावर नेहमीचं अपडेट वरून चढवायला काहीच हरकत नाही.

मग कोऱ्या इन्स्टॉलनंतर काहींचा गेम खरंच सुधारतो, तो कसा? बहुतेकदा कारण सेटिंग्जमध्ये असतं. कधीतरी लॅपटॉप तापतो म्हणून एखाद्या गेमला ६० फ्रेमची मर्यादा घातलेली असते आणि ती विसरली जाते. इन्स्टॉलरमधल्या Custom पर्यायात Perform a clean installation वर खूण केली, की अशा सगळ्या नोंदी पुसल्या जाऊन मूळ स्थिती येते. आपल्याला वाटतं, ड्रायव्हर साफ झाला म्हणून वेग आला. खरं तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेलमध्ये Manage 3D settings उघडून Restore दाबलं असतं तरी एवढं काम झालं असतं, तेही दोन मिनिटांत.

सगळं मुळापासून पुसण्याची वेळ येते ती वेगळ्या प्रसंगी. एएमडीचं कार्ड काढून एनव्हिडियाचं बसवलं, इन्स्टॉल चालू असताना वीज गेली, किंवा इन्स्टॉलर दरवेळी अर्ध्यावर थांबून चूक दाखवू लागला, तर आधीचे अवशेष काढावेच लागतात. त्यासाठी डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर, म्हणजे सगळे ज्याला डीडीयू म्हणतात, ते साधन चांगलं आहे. एएमडीचं स्वतःचं क्लीनअप साधनही आहे. इथे क्रमाला महत्त्व आहे. हवा तो ड्रायव्हर आधी उतरवून ठेवायचा आणि मग इंटरनेट तोडायचं. हे राहिलं तर जुना ड्रायव्हर निघाल्याबरोबर विंडोज अपडेट स्वतःच्या पसंतीचा ड्रायव्हर बसवून मोकळं होतं. त्यानंतर सेफ मोडमध्ये जाऊन डीडीयू चालवायचं, संगणक पुन्हा सुरू झाला की ड्रायव्हर टाकायचा, आणि नेट सगळ्यांत शेवटी जोडायचं. डिस्क एन्क्रिप्ट केलेली असेल तर सेफ मोडमध्ये जाताना विंडोज बिटलॉकरची रिकव्हरी की मागू शकतं. ती आधीच लिहून ठेवा. ती सापडली नाही, तर किरकोळ दुरुस्तीपायी सगळ्या फायली कुलूपबंद होतील.

आता मुख्य प्रश्न वेगाचा. फेब्रुवारी २०२३च्या अखेरीस एनव्हिडियाचा 531.18 हा ड्रायव्हर आला. अनेकांना गेम बंद केल्यावरही संगणक जड वाटू लागला. टास्क मॅनेजर उघडला की NVIDIA Container नावाची प्रक्रिया काही कारण नसताना प्रोसेसरचे दहा-पंधरा टक्के खाताना दिसायची. असा दोष आवृत्तीबरोबर येतो. तीच आवृत्ती कितीही स्वच्छ करून पुन्हा टाकली तरी तो तिच्यासोबत परत येणार. अशा वेळी मागे जाणं हाच उपाय असतो, आणि आधीच्या आवृत्तीवर गेलेल्यांचा त्रास थांबला. मार्चच्या सुरुवातीला कंपनीने 531.26 हा दुरुस्त ड्रायव्हर काढला.

याच्या अगदी उलट गोष्ट ऑक्टोबर २०२५ मधली. विंडोज ११ च्या KB5066835 या अपडेटनंतर काही गेमचा वेग घसरला. ड्रायव्हर तोच होता, बदललं होतं विंडोज. मूळ तिकडे असल्यामुळे ड्रायव्हर मागे नेऊन फायदा होण्यासारखा नव्हता. नोव्हेंबरमध्ये एनव्हिडियाने 581.94 हा हॉटफिक्स ड्रायव्हर दिला, म्हणजे इथे वेग परत आणायला पुढे जावं लागलं. म्हणून ड्रायव्हरला दोष देण्याआधी विंडोजची Update history उघडून त्याच आठवड्यात आणखी काय बसलं ते जरूर पाहा.

आणि मोजा. नुसत्या जाणिवेवर जाऊ नका, कारण नवा ड्रायव्हर टाकल्यावर पहिला अर्धा तास फसवा असतो. गेमने तुमच्या कार्डासाठी तयार करून साठवलेले शेडर ड्रायव्हर बदलला की सहसा निकामी होतात आणि खेळता खेळता पुन्हा तयार होतात. तेवढा वेळ गेम झटके देतो, आणि घाबरून पुष्कळजण तिथेच जुन्या आवृत्तीकडे वळतात. गेममध्येच असलेली बेंचमार्क चाचणी त्याच सेटिंग्जवर तीन-चार वेळा चालवा आणि पहिली धाव सोडून द्या. समजा, पूर्वी सरासरी ९० फ्रेम मिळत होत्या आणि आता ८८ मिळाल्या, तर तो फरक दोन धावांमध्ये एरवीही पडतो. त्या सातत्याने ७५ वर आल्या, स्क्रीनचा रिफ्रेश रेट १४४ वरून ६० वर गेलेला नाही आणि लॅपटॉप चार्जरवरच आहे, तर मागे जायला हवं.

मागे जाण्याचा सोपा रस्ता डिव्हाइस मॅनेजरमध्ये आहे. Display adapters खाली कार्डाचं नाव, मग Properties, मग Driver. तिथे Driver Version पुढे 31.0.15.3118 असं काही दिसेल. ठिपके सोडून शेवटचे पाच अंक वाचले, की 531.18 ही एनव्हिडियाची आवृत्ती कळते. त्याच ठिकाणी Roll Back Driver हे बटण आहे. ते फक्त आधीच्या एका पॅकेजवर नेतं, आणि डीडीयूने सगळं पुसलेलं असेल तर ते दाबताच येत नाही, कारण मागे जायला काही उरलेलंच नसतं. बटण साथ देत नसेल, तर कंपनीच्या संकेतस्थळावरून हवी ती जुनी आवृत्ती उतरवून Perform a clean installation सह टाका. कोरं इन्स्टॉल मला सर्वांत पटतं ते इथे, मागे जाताना, कारण नव्या आवृत्तीने केलेल्या नोंदी जुनीच्या वाट्याला येत नाहीत.

मागे किती जाता येतं यालाही सीमा आहे. आरटीएक्स ५० मालिकेची कार्डं 572 च्या आधीचे ड्रायव्हर ओळखतच नाहीत. काही नवे गेम ठरावीक आवृत्तीखाली सुरूच होत नाहीत. शिवाय नव्या ड्रायव्हरमध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्या असतात, त्यामुळे जुन्यावर कायमचा मुक्काम टाकू नये. पुढची आवृत्ती आली की तिच्या रिलीज नोट्समध्ये तुमच्या तक्रारीचा उल्लेख शोधा, आणि दुरुस्ती झालेली असेल तर वर या.

पुढच्या वेळी अपडेटचं बटण दाबण्याआधी चालू आवृत्तीचा क्रमांक आणि एका बेंचमार्कचा आकडा वहीत टिपून ठेवा. तेवढी एक ओळ हाताशी असली, तर वेग खरंच गेला की नाही आणि कुठल्या आवृत्तीवर परतायचं, हे दोन्ही लगेच कळेल.