स्पॅनिशमध्ये ऐकलेले सांगताना

दुसऱ्याचे बोलणे पुढे सांगताना मराठीत काळाला सहसा हात लावावा लागत नाही. ‘मी दमलेय’ असे एलेना सोमवारी म्हणाली असेल, तर गुरुवारी सांगणारा ‘एलेना म्हणाली की ती दमलीये’ असे सहज म्हणतो. ‘म्हणाली’ भूतकाळात आणि ‘दमलीये’ मात्र तिच्या त्या क्षणाच्या वर्तमानात, यात मराठी कानाला काहीच खटकत नाही. स्पॅनिशमध्ये ‘म्हणाली’ हे क्रियापद भूतकाळात गेले की त्याच्यामागून येणारे वाक्यही साधारणपणे भूतकाळात ओढले जाते. स्पॅनिश शिकणारा मराठी माणूस इथे हमखास अडखळतो, कारण ज्या जागी त्याची भाषा काहीच करत नाही, तिथे स्पॅनिश बरेच काही करते.

एकच निरोप घेऊन हे पाहता येते. (उदाहरणांतले उच्चार लॅटिन अमेरिकेतल्या धाटणीचे आहेत.) सोमवारी फोनवर एलेना कार्लोसला सांगते: ‘एस्तोय कान्सादा. आयेर येगे तार्दे. मान्याना ते यामारे. नो बेंगास ओय आ मी कासा.’ म्हणजे, मी दमलेय. काल उशिरा पोचले. उद्या तुला फोन करीन. आज माझ्या घरी येऊ नकोस. गुरुवारी कार्लोस तेच एका मित्राला सांगतो: ‘एलेना मे दिहो के एस्ताबा कान्सादा, के एल दिआ आंतेरिओर आबिआ येगादो तार्दे, के आल दिआ सिग्येन्ते मे यामारिआ, इ के नो फ्वेरा एसे दिआ आ सु कासा.’

पहिल्या वाक्यातले वर्तमानकाळी ‘एस्तोय’ हे ‘एस्ताबा’ झाले, म्हणजे अपूर्ण भूतकाळात गेले. ‘येगे’ हा साधा भूतकाळ ‘आबिआ येगादो’ या पूर्ण भूतकाळात, आणखी एक पायरी मागे सरकला. भविष्यकाळी ‘यामारे’चे ‘यामारिआ’ झाले. हे रूप एरवी ‘केला असता’ अशा जर-तरच्या वाक्यांत येते. असे बदल तक्ता पाठ करून लक्षात ठेवता येतात, पण त्यांचे कारण कळले तर तक्त्याची गरज उरत नाही. सांगणाऱ्याने भूतकाळातला एक क्षण, म्हणजे सोमवारचा फोन, आधार म्हणून धरलेला असतो आणि बाकी सगळे त्या क्षणावरून मोजले जाते. दमणे त्याच वेळी चालू होते, पोचणे त्याच्या आधी झाले होते, फोन करणे त्याच्या पुढे व्हायचे होते.

काराकासमध्ये जन्मलेल्या आंद्रेस बेयो या व्याकरणकाराने 1847 मध्ये चिलीतून प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात काळांना नावेच या हिशोबाने दिली. ‘एस्ताबा’सारख्या रूपाला त्याने को-प्रेतेरितो म्हटले, म्हणजे भूतकाळातल्या एखाद्या गोष्टीच्या सोबत चाललेले. ‘यामारिआ’ला पोस-प्रेतेरितो म्हटले, म्हणजे भूतकाळातल्या बिंदूच्या नंतरचे. मेक्सिकोच्या शाळांत ही नावे आजही शिकवली जातात. ‘यामारिआ’ला केवळ संकेतार्थी रूप म्हणून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला ते निरोपात का आले हे उमगत नाही, बेयोच्या नावात मात्र त्याचे उत्तर आहे.

चौथे वाक्य आज्ञेचे आहे आणि खरी कसोटी तिथे लागते. आज्ञा जशीच्या तशी निरोपात बसत नाही. तिच्या जागी सब्जंक्टिव्ह हा अर्थ येतो, म्हणजे इच्छा, विनंती, हुकूम सांगणारी क्रियापदाची वेगळी रूपे, आणि ‘दिहो’मागे तीही भूतकाळी लागतात. म्हणून ‘नो बेंगास’चे ‘नो फ्वेरा’ झाले. सोबत क्रियापदही बदलले आहे. एलेना आपल्या घरातून बोलत होती म्हणून ‘येऊ नकोस’ म्हणाली. कार्लोस दुसरीकडून सांगतो म्हणून ते ‘जाऊ नये’ होते. ‘आज’, ‘काल’, ‘उद्या’, ‘माझे’ हे शब्दही याच न्यायाने ‘त्या दिवशी’, ‘आदल्या दिवशी’, ‘दुसऱ्या दिवशी’, ‘तिचे’ असे होतात. काळ नीट बदलून ‘मान्याना’ तसेच ठेवले, तर गुरुवारी ऐकणारा शुक्रवारी फोनची वाट पाहील.

या ठिकाणची एक चूक अर्थच उलटा करते. ‘दिहो के बेनिआ’ म्हणजे ‘तो येतोय असे म्हणाला’, आणि ‘दिहो के बिनिएरा’ म्हणजे ‘ये म्हणाला’. क्रियापद एकच, पण पहिल्यात बातमी आहे आणि दुसऱ्यात हुकूम. मराठीत ‘येतो म्हणाला’ आणि ‘ये म्हणाला’ यांत जेवढा फरक, तेवढाच इथे त्या दोन रूपांत आहे. सांगणारे क्रियापद वर्तमानात असले, तर काळ हलत नाहीत, पण आज्ञेची ही अडचण तशीच राहते: ‘दिसे के बिएने’ म्हणजे तो येतोय म्हणतो, ‘दिसे के बेंगास’ म्हणजे तू ये म्हणतो.

हो-नाहीचा प्रश्न असेल तर ‘के’ऐवजी ‘सि’ येते. ‘बिएनेस?’ हा प्रश्न ‘मे प्रेगुंतो सि इबा’ असा सांगितला जातो, म्हणजे ‘मी येतोय का असे त्याने विचारले’. बोलण्यात ‘के सि’ असे दोन्ही शब्द एकत्रही ऐकू येतात.

सगळी रूपे मात्र सरकत नाहीत. जे आधीच अपूर्ण भूतकाळात आहे ते तिथेच राहते, आणि त्यामुळे संदिग्धता येते. ‘दिहो के बिबिआ एन ग्रानादा’ हे वाक्य ‘मी ग्रानादात राहते’ याचा निरोप असेल किंवा ‘मी ग्रानादात राहायचे’ याचाही. कुठला ते केवळ या वाक्यावरून ठरत नाही. साधा भूतकाळही पूर्ण भूतकाळात न्यायलाच हवा असे नाही. क्रम स्पष्ट असेल तर ‘दिहो के येगो तार्दे’ पुष्कळ ठिकाणी बिनदिक्कत म्हणतात, आणि ते चुकीचे नाही.

सर्वांत नाजूक निवड उरते ती सांगण्याच्या क्षणीही खऱ्या असणाऱ्या गोष्टींची. ‘दिहो के एस्ताबा एम्बारासादा’ आणि ‘दिहो के एस्ता एम्बारासादा’, दोन्हींत कुणा स्त्रीने आपण गरोदर आहोत असे सांगितले आहे. पहिले वाक्य तिच्या बोलण्यापुरते थांबते. ती आजही गरोदर आहे की नाही याबद्दल ते बोलत नाही. दुसऱ्यात गरोदरपण दोन्ही क्षणांना लागू पडते, ती बोलली तेव्हाच्या आणि आत्ताच्याही. म्हणून ती बोलल्याला दोन वर्षे झाली असतील तर दुसरे वाक्य बसत नाही. स्पेनच्या भाषा अकादमीने इतर अकादम्यांसह 2009 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोठ्या व्याकरणात याला दुहेरी प्रवेशाचा अर्थ म्हटले आहे. भविष्यकाळही याच नियमाने चालतो. मंत्र्याने ‘कायदा जानेवारीत लागू होईल’ असे सांगितले आणि जानेवारी अजून यायचा असेल, तर बातमीदार ‘एन्त्रारा एन बिगोर’ असा भविष्यकाळ तसाच ठेवू शकतो. जानेवारी उलटून गेला असेल तर ‘एन्त्रारिआ’च लिहावे लागते. जानेवारी पुढे असतानाही ‘एन्त्रारिआ’ लिहिले तर ते चूक नसते. तेव्हा बातमीदार मंत्र्याचे म्हणणे फक्त पोचवतो, त्याची जबाबदारी स्वतःकडे घेत नाही.